स्टिअरिंग आणि पेडल गेमशी नीट जुळवायचे कसे: ॲक्सिसचा पल्ला, डेड झोन आणि बटणे

नवीन स्टिअरिंग टेबलाला आवळले, पेडल पायाशी ठेवले, केबल लावली आणि गेम सुरू केला की बहुतेकांना पहिल्या वळणावरच काहीतरी चुकल्यासारखे वाटते. हात थोडा फिरवला तरी गाडी झटकन वळते, ब्रेक एकतर लागतच नाही किंवा लागताच चाके जाम होतात, आणि पाय काढलेला असूनही गाडी किंचित अडल्यासारखी चालते. यातले जवळजवळ काहीही हार्डवेअरचे नसते. पेडलपासून गेमपर्यंत आकडा पोहोचताना तो तीन ठिकाणी बदलू शकतो: उपकरणात, ड्रायव्हरमध्ये आणि गेममध्ये. कुठे काय बदलते आहे हे कळले की दुरुस्ती सोपी असते.

हा लेख मी एकच जोडी धरून लिहितो आहे: लॉजिटेकचे जी२९ आणि विंडोजवरचा असेटो कोर्सा हा गेम. जी२९ आपल्याकडे नवे आणि वापरलेले दोन्ही सहज मिळते. असेटो कोर्सात प्रत्येक आकडा उघडा दिसतो, म्हणून शिकायला तो उत्तम आहे. तुमचे स्टिअरिंग किंवा गेम वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा. नावे बदलतील, हिशेब तोच राहील.

आधी जवळ काय हवे

- स्टिअरिंग, पेडल आणि स्टिअरिंगचा वेगळा पॉवर अडॅप्टर. अडॅप्टर नसेल तर यूएसबीवर दिवा लागू शकतो, पण मोटर चालत नाही.
- लॉजिटेकचे जी हब सॉफ्टवेअर.
- असेटो कोर्सा, आणि त्याच्या सेटिंग बदलायचे कंटेंट मॅनेजर हे वेगळे सॉफ्टवेअर. याची मोफत आवृत्ती आपल्या कामाला पुरते.
- पेडलमागे टेकवायला लाकडी फळी किंवा सरळ भिंत.
- आकडे लिहून ठेवायला कागद.

फळीचा मुद्दा किरकोळ समजू नका. जी२९च्या पेडलखाली दातेरी पट्टी आहे, पण ती गालिच्यात रुतण्यासाठी आहे. आपल्या घरातल्या गुळगुळीत फरशीवर तिचा उपयोग नाही. ब्रेकवर जोर दिला की पेडलचा संपूर्ण पाटच मागे सरकतो आणि तुम्ही मोजलेला आकडा खोटा ठरतो. पाट भिंतीला टेकवा, खुर्चीला चाके असतील तर तीही अडवा, आणि मगच पुढच्या पायरीकडे जा.

१. जोडणी आणि पहिली हालचाल

जी२९च्या वरच्या बाजूला प्लेस्टेशनची मोड निवडणारी छोटी कळ असते. कळीवर PS3 आणि PS4 अशा खुणा असतील तर संगणकासाठी ती PS3 वर ठेवा. अडॅप्टर लावून यूएसबी जोडली की स्टिअरिंग स्वतःहून दोन्ही टोकांपर्यंत फिरते आणि मध्यावर येऊन थांबते. या वेळी हात लावू नका. स्टिअरिंग आपला मध्य इथेच ठरवत असते. मधे अडवले तर मध्य सरकतो, आणि मग सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरके धरावे लागते. तसे झाले तर कुठलीही सेटिंग बदलण्याआधी केबल काढून पुन्हा जोडा.

पेडलना मात्र मोटर नाही, त्यामुळे त्यांची टोके तुम्हाला दाखवावी लागतात. जोडल्यानंतर तिन्ही पेडल एकेकदा तळापर्यंत दाबा आणि पूर्ण सोडा. हे केले नाही तर काही गेम न दाबलेला पेडलही अर्धा दाबलेला समजतात. गेम सुरू होताच गाडी आपोआप पुढे निघाली किंवा निघायलाच तयार नसली, तर आधी हेच तपासा.

२. गेमशिवाय आकडे पाहा

नवखे लोक ही पायरी नेमकी वगळतात, आणि पुढचा निम्मा वैताग त्यातून येतो. विंडोज की आणि R एकत्र दाबा आणि हे लिहा:

```
joy.cpl
```

यादीत तुमचे स्टिअरिंग दिसेल. ते निवडून Properties उघडा. इथे प्रत्येक ॲक्सिसची पट्टी दिसते. ॲक्सिस म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग बदलणारा एक आकडा. स्टिअरिंगचा एक, आणि तीन पेडलचे तीन. बटण फक्त चालू किंवा बंद असते, ॲक्सिसला मधल्या सगळ्या पायऱ्या असतात.

तीन गोष्टी पाहा. पहिली, एक्सिलरेटर आणि ब्रेक यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या हलतात का? दोन्ही पेडल एकाच पट्टीवर चालत असतील, एक वर नेतो आणि दुसरा खाली, तर जी हबमध्ये Combined pedals चालू आहे. ते बंद करा. जुन्या गेमसाठी ही सोय होती. आज ती चालू राहिली तर ब्रेक आणि एक्सिलरेटर एकत्र दाबताच दोन्ही एकमेकांना खोडतात.

दुसरी, पाय पूर्ण काढल्यावर पट्टी स्थिर आहे का? जी२९च्या पेडलमध्ये दाब किती ते मोजणारे पोटेन्शिओमीटर असतात. धूळ बसली की आकडा थरथरतो, आणि पेडलला हात न लावता पट्टी उड्या मारते. थोडी थरथर डेड झोनने झाकता येते. पट्टी मधूनच मोठी उडी घेत असेल तर सेटिंगने ते बरे होणार नाही. पेडल उघडून काँटॅक्ट क्लीनरने साफ करावे लागेल.

तिसरी, पेडल तळापर्यंत दाबल्यावर पट्टी टोकाला पोहोचते का? पेडल सोडल्यावर पट्टी भरलेली आणि दाबल्यावर रिकामी दिसली तर घाबरू नका. लॉजिटेकचे पेडल कच्चा आकडा उलटाच पाठवतात, आणि गेम ॲक्सिस नेमताना ती दिशा ओळखतो. गेममध्येही उलटेच राहिले तर बहुतेक गेममध्ये Invert असा पर्याय असतो.

३. स्टिअरिंगचा पल्ला: दोन्हीकडे एकच आकडा

जी२९ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९०० अंश फिरते, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला ४५०. जी हबमध्ये हा पल्ला कमी करता येतो. माझा आग्रह असा की तो ९०० वरच ठेवा, आणि Sensitivity ५० वर. पन्नास म्हणजे सरळ रेषा: हात जितका फिरला तितकाच आकडा.

मग कंटेंट मॅनेजरमध्ये Settings, त्यात Assetto Corsa, त्यात Controls असे जा. उपकरण म्हणून Wheel निवडा, स्टिअरिंगच्या रकान्यावर क्लिक करून स्टिअरिंग फिरवा, की ॲक्सिस नेमला जातो. खाली अंशांचा रकाना आहे, तिथेही ९०० लिहा. त्या रकान्यात गेम तुम्हाला विचारतो आहे की तुमचे यंत्र प्रत्यक्षात किती फिरते. गाडीचे स्टिअरिंग किती फिरावे हा प्रश्न तिथे नाहीच, ते गेमला माहीत असते. तुम्ही खरा आकडा दिलात की रेसच्या गाडीला कमी आणि साध्या गाडीला जास्त फिरणे तो स्वतः जुळवतो. त्यामुळे प्रत्येक गाडीसाठी जी हबमध्ये जाऊन पल्ला बदलायची गरज उरत नाही.

आकडे जुळले नाहीत तर काय होते ते बघा. समजा जी हबमध्ये ३६० आहे आणि गेमला तुम्ही ९०० सांगितले. तुम्ही हात १८० अंश फिरवलात की यंत्राचा पल्ला संपला. गेमला वाटते तुम्ही ४५० अंश फिरवलेत. म्हणजे तुमची प्रत्येक हालचाल अडीच पट मोठी होऊन पोहोचते. ‘गाडी फार अंगावर येते’ अशी तक्रार असते तेव्हा मी सर्वात आधी हे दोन आकडे विचारतो.

खात्री करायची चाचणी सोपी आहे. गाडीत बसल्यावर ड्रायव्हरच्या नजरेचा कॅमेरा लावा आणि गाडी उभी असताना हातातले स्टिअरिंग बरोबर ९० अंश फिरवा. पडद्यावरचे स्टिअरिंगही ९० अंशच फिरले पाहिजे. जास्त फिरले तर गेमला सांगितलेला आकडा खऱ्यापेक्षा मोठा आहे, कमी फिरले तर लहान.

इथे एक सापळा आहे. जी हब प्रत्येक गेमसाठी वेगळी प्रोफाइल ठेवते. तुम्ही डेस्कटॉपच्या प्रोफाइलमध्ये ९०० केले आणि गेम उघडताच त्याची स्वतःची प्रोफाइल लागू झाली, तर तुमचा बदल वाया जातो. आकडा बदलताना वर कोणत्या प्रोफाइलचे नाव आहे ते पाहूनच बदला.

त्याच पानावर स्टिअरिंगचे gamma, filter आणि speed sensitivity असे रकानेही आहेत. gamma १ आणि बाकी दोन शून्य ठेवा. गेमपॅडच्या छोट्या काडीला अशी मदत लागते, ९०० अंशांच्या चाकाला नाही.

४. स्टिअरिंगचा डेड झोन: शून्य

डेड झोन म्हणजे ॲक्सिसचा असा भाग जिथे हालचाल झाली तरी गेम ती मोजत नाही. स्टिअरिंगच्या मध्याला तो देण्याचा मोह होतो, कारण जी२९ मध्यावर थोडे सैल वाटते. पण ते सैलपण मोजमापातले नसते. मोटर आणि चाक यांच्यामध्ये दातेरी गिअर आहेत, त्यांच्यात थोडी मोकळीक असते, आणि मोटरचा अगदी हलका जोर तिथेच विरून जातो. तुमच्या हाताची हालचाल मात्र गेमला नीट पोहोचत असते.

आता मध्याला फक्त २ टक्के डेड झोन दिला तर काय होईल? ४५० चे २ टक्के म्हणजे ९ अंश. डावीकडे ९ आणि उजवीकडे ९, असे १८ अंश हातातून गेले. मोंझा या ट्रॅकच्या लांब सरळ रस्त्यावर गाडी याच काही अंशांत सांभाळायची असते. डेड झोन असला की आधी काहीच होत नाही, मग अचानक गाडी वळते, तुम्ही उलट फिरवता, पुन्हा तेच. आणि गाडी नागमोडी जायला लागते.

मध्य सैल वाटत असेल तर फोर्स फीडबॅकमधला, म्हणजे मोटर हाताला जो जोर देते त्यातला, minimum force थोडा थोडा वाढवा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग आपोआप खडखडू लागले की एक पाऊल मागे या. डेड झोनला हात लावू नका. फक्त जुन्या, झिजलेल्या यंत्राचा मध्य हात न लावता `joy.cpl` मध्ये थरथरताना दिसत असेल, तरच अगदी लहान डेड झोन देणे योग्य ठरते.

५. ब्रेक: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

एक्सिलरेटर आणि क्लच यांना फारसे काही लागत नाही. नेमा, दाबून पाहा, पट्टी शून्यापासून पूर्ण भरते का ते बघा आणि पुढे जा. ब्रेकचे तसे नाही.

जी२९च्या ब्रेकमध्ये स्प्रिंगसोबत रबराचा एक ठोकळा आहे. सुरुवातीचा पल्ला हलका जातो, मग रबर लागते आणि पेडल एकदम जड होते. शेवटचा भाग दाबायला इतका जोर लागतो की बसल्या जागेवरून, दर वळणावर, तो कुणी दाबत नाही. म्हणजे गेमला शंभर टक्के ब्रेक कधी मिळतच नाही. दुसऱ्या टोकाला, नुसता पाय टेकवला तरी दोन-तीन टक्के ब्रेक लागतो, आणि सरळ रस्त्यावर वेग का कमी पडतो हे कळत नाही.

उपाय म्हणजे पल्ल्याची दोन्ही टोके छाटणे. खालचे टोक वर उचलले की तो झाला डेड झोन. वरचे टोक खाली आणले की पेडल प्रत्यक्षात तळाला जाण्याआधीच गेम ब्रेक पूर्ण धरतो. कोडमास्टर्सच्या डर्ट रॅली २.० मध्ये या दोन गोष्टींना deadzone आणि saturation म्हणतात, फोर्झा होरायझनमध्ये deadzone inside आणि deadzone outside. असेटो कोर्सात वेगळी नावे नाहीत. कंटेंट मॅनेजरमध्ये ॲक्सिसची सुरुवात आणि शेवट हे दोन आकडे बदलायचे, की काम झाले.

एक उदाहरण पूर्ण करू. ब्रेकवर पाय नुसता ठेवा, दाबू नका. समजा कंटेंट मॅनेजरमधली ब्रेकची पट्टी ३ टक्के दाखवते. मग शर्यतीत जितक्या जोराने ब्रेक माराल तितक्या जोराने, पण पाय न दुखवता, काही वेळा दाबा; समजा पट्टी ८१ ते ८४ टक्क्यांपर्यंत जाते. आता सुरुवात ४ टक्क्यांवर ठेवा, म्हणजे पायाच्या वजनापेक्षा जेमतेम वर. शेवट ८० वर ठेवा, म्हणजे तुमच्या सर्वात कमकुवत दाबापेक्षाही थोडा खाली. यापुढे गेमला जाणारा आकडा असा निघतो:

```
ब्रेक = (कच्चा - 4) / (80 - 4)
```

कच्चा आकडा ४२ असेल तर ३८ भागिले ७६, म्हणजे बरोबर ५० टक्के.

यानंतर gamma येतो. असेटो कोर्सात ब्रेकचा gamma सहसा २.४ असतो. म्हणजे वरचा निकाल २.४ या घातापर्यंत चढवला जातो. ०.५ चा २.४ घात साधारण ०.१९ होतो. तुम्ही अर्धा ब्रेक दाबला आणि गाडीला मिळाला फक्त १९ टक्के! यामागे कारण आहे. खऱ्या गाडीत ब्रेक पायाच्या जोरावर चालतो, पेडल किती सरकला यावर नाही. नुसत्या स्प्रिंगच्या पेडलमध्ये जोर जाणवत नाही, म्हणून गेम वक्र रेषा लावून हलक्या ब्रेकला जास्त जागा देतो. पण जी२९च्या रबराने जोराची जाणीव थोडीफार आधीच दिलेली असते. म्हणून मी gamma १.५ च्या आसपास पसंत करतो. तिथे अर्ध्या दाबाला साधारण ३५ टक्के ब्रेक मिळतो.

तुमचा आकडा तुम्हीच शोधा, आणि तो असा शोधा. मोंझा निवडा, टाटूस एफए०१ ही गाडी घ्या. तिला एबीएस नाही, त्यामुळे चूक लगेच ऐकू येते. खेळताना माऊस पडद्याच्या उजव्या कडेला नेला की छोट्या खिडक्यांची यादी येते. त्यातून पेडलची खिडकी उघडा. आता लांब सरळ रस्त्यावरून येऊन पहिल्या शिकेनआधी, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांआधी, ब्रेक हळूहळू वाढवत न्या, आणि पुढची चाके जाम होऊन टायर किंचाळतात त्या क्षणी तुमचा पाय कुठे आहे ते लक्षात घ्या. पायाला तेव्हा साधारण तीन चतुर्थांश जोर लागत असेल तर छान. अगदी हलक्या दाबाला चाके जाम होत असतील तर gamma वाढवा किंवा शेवटचे टोक ८० वरून ८५ करा. पूर्ण दाबूनही चाके कधीच जाम होत नसतील तर टोक आणखी खाली आणा. एका वेळी एकच आकडा बदला आणि बदललेला कागदावर लिहा. दोन एकदम बदलले की कशाने फरक पडला ते कळत नाही.

पाय सोडल्यावर पेडलच्या खिडकीत ब्रेकची पट्टी पूर्ण रिकामी झाली पाहिजे. केसाएवढीही रेघ उरली तर सुरुवात ४ वरून ५ करा. पण डेड झोन १०-१५ टक्क्यांवर नेऊ नका. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जायचा असतो, आणि नेमका तो नाजूक शेवटचा भाग तुम्ही कापून टाकाल.

६. बटणे नेमणे

सुरुवातीला थोडीच बटणे नेमा, आणि हात स्टिअरिंगवरून न काढता पोहोचतील तिथे. माझी मांडणी अशी:

- स्टिअरिंगमागचा उजवा पॅडल गिअर वर, डावा पॅडल गिअर खाली.
- अंगठ्याजवळची दोन बटणे डावीकडे आणि उजवीकडे पाहण्यासाठी. शेजारी गाडी आहे का हे कळायला यांच्याशिवाय इलाज नाही.
- प्लस आणि मायनस बटणे ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी, किंवा ट्रॅक्शन कंट्रोल यांच्यासाठी.
- कॅमेरा आणि हेडलाइट दूरच्या बटणांवर.

शर्यत सोडून बाहेर पडणे किंवा पुन्हा सुरू करणे अशी कामे स्टिअरिंगवर ठेवू नका. जोरात वळताना तळहात कुठल्याही बटणाला लागतो. ती कीबोर्डवरच बरी.

नेमताना दोन गोष्टी घडतात. तुम्ही बटण दाबता, पण गेम भलताच ॲक्सिस पकडतो, कारण थरथरणारा ब्रेक त्याला आधी दिसला. पाय सगळ्या पेडलवरून काढा आणि पुन्हा नेमा. दुसरे, एकच बटण दोन कामांना लागते. जुनी नेमणूक आधी पुसा, मग नवी करा.

वेगळा गिअर शिफ्टर असेल तर एच-शिफ्टरचा पर्याय चालू करून प्रत्येक गिअर प्रत्यक्ष टाकून नेमा. न्यूट्रलसाठी काहीही नेमायचे नसते. कुठलाच गिअर नसणे म्हणजेच न्यूट्रल. मदतीच्या सेटिंगमध्ये आपोआप गिअर बदलणे चालू राहिले असेल तर शिफ्टर आणि गेम एकमेकांशी भांडतील, ते बंद करा.

७. स्टीम आणि यूएसबीचे सापळे

सगळे बरोबर असूनही गेम स्टिअरिंगला गेमपॅड समजत असेल तर स्टीमच्या लायब्ररीत गेमवर उजवे क्लिक करा, Properties मध्ये Controller उघडा आणि Steam Input बंद करा.

स्टिअरिंग नेहमी त्याच यूएसबी पोर्टमध्ये लावा, आणि शक्यतो हबमधून नको. दुसरा गेमपॅड किंवा शिफ्टर आधी जोडला गेला की उपकरणांचा क्रम बदलतो, आणि काल ब्रेक असलेला ॲक्सिस आज दुसऱ्याच यंत्रावर शोधला जातो. असे झाले की लगेच पुन्हा नेमायला बसू नका. जादा उपकरणे काढा, गेम बंद करून पुन्हा उघडा. बऱ्याचदा सगळे जागेवर येते.

जुळवणी पटली की कंटेंट मॅनेजरच्या त्याच पानावर ती नाव देऊन जतन करा. शिवाय ही फाइल दुसरीकडे कॉपी करून ठेवा:

```
Documents\Assetto Corsa\cfg\controls.ini
```

विंडोज नव्याने टाकले तर कॉपी परत जागेवर ठेवा, तिन्ही पेडल एकदा तळापर्यंत दाबा, आणि ९० अंशांची चाचणी व पेडलची खिडकी एवढे तपासून घ्या. ब्रेकचे दोन्ही आकडे मात्र पेडलची जागा किंवा खुर्ची बदलली की पुन्हा मोजावे लागतात, कारण ते तुमच्या बसण्यावरून ठरलेले असतात.